फ्लूची लस घेतली, दंड दुखतोय, कणकण आहे : किती दिवस थांबायचं आणि कधी डॉक्टरकडे धावायचं?

हजला जाण्याआधी जिल्हा रुग्णालयात किंवा हज प्रशिक्षणाच्या ठिकाणी लसीकरणाचं शिबिर भरतं. मेंदूज्वराची म्हणजे मेनिंजायटिसची लस सगळ्यांना, पोलिओचे थेंब तोंडात, आणि वयस्कर व जुने आजार असलेल्या यात्रेकरूंना जोडीला फ्लूची लस. शिबिर दुपारी आटोपतं. खरी गडबड सुरू होते ती त्याच रात्री, घरोघरी. "अब्बांचा हात वर जात नाही", "अम्मींना ताप भरलाय", "सकाळपर्यंत चांगल्या होत्या, लसीनंच आजारी पाडलं" असे फोन नातेवाइकांत फिरू लागतात. कुणी दंडाला तेल चोळतं, कुणी मेडिकलमधून चार गोळ्या एकदम आणतं, आणि कुणी ठरवून टाकतं की पुन्हा लस नको.

यातलं बहुतेक सगळं दोन दिवसांत आपोआप निवळतं. पण "आपोआप निवळतं" एवढ्यावर भागत नाही. क्वचित एखादं दुखणं असं असतं की त्याला "लसीचं आहे, जाईल" म्हणून थांबवून ठेवणं महागात पडतं. नेहमीचा त्रास कोणता आणि वेगळा कोणता, हे घरातल्या माणसाला घड्याळ, कॅलेंडर आणि थर्मामीटर एवढ्यावर बरंचसं ओळखता येतं. ते कसं, ते पाहू.

दंड का दुखतो?

दंडात टोचली जाणारी फ्लूची लस म्हणजे अर्धा मिलीलीटर पातळ द्रव. त्यात फ्लूच्या विषाणूचे निकामी केलेले तुकडे असतात, जिवंत विषाणू नसतो. हा द्रव खांद्याखालच्या जाड स्नायूत सोडला जातो. सुईची जखम तर फारच बारीक असते आणि तिची आग काही मिनिटांतच थांबते. म्हणून लस घेऊन बाहेर आलेला माणूस "काहीच कळलं नाही" म्हणतो, आणि संध्याकाळी तोच माणूस कुर्ता काढताना कण्हतो.

मधल्या काही तासांत शरीराच्या संरक्षण यंत्रणेच्या पेशी त्या जागी गोळा झालेल्या असतात. परकं काहीतरी आलंय, हे त्यांनी ओळखलेलं असतं. त्या जी रसायनं सोडतात त्यांनी तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात, जागा गरम होते, थोडी सुजते आणि दुखते. यातली काही रसायनं रक्तातून मेंदूपर्यंत जातात. तिथून शरीराचं तापमान थोडं वाढवलं जातं, झोप येते, अंग जड होतं. कणकण आणि थकवा येतो तो इथून.

म्हणून वेळेचा हिशेब महत्त्वाचा. नेहमीचा त्रास लसीनंतर काही तासांनी, म्हणजे त्याच संध्याकाळी किंवा रात्री सुरू होतो. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यात जास्त असतो. ताप आणि थकवा एक-दोन दिवसांत जातो, दंडाचं दुखणं दोन-तीन दिवसांत. टोचल्याच्या जागी वाटाण्याएवढी घट्ट गाठ किंवा थोडी लाली आठवडाभर राहिली, पण ती दिवसेंदिवस कमीच होत असली, तर तिच्यामागे लागू नये.

आणि हो, ज्याला काहीच झालं नाही त्याची लस "लागली नाही" असं अजिबात नाही. हा समज आपल्याकडे पक्का आहे. देवीच्या लसीचा व्रण उठला की लस लागली, असं मानायच्या काळातला तो असावा. फ्लूच्या लसीत दुखणं कमी-जास्त असण्यावरून संरक्षणाचा अंदाज बांधता येत नाही.

एका दादींचे तीन दिवस

समजा, एका घरातल्या दादींचं वय ६८ आहे. मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, वजन ५२ किलो. रविवारी सकाळी अकरा वाजता त्यांना डाव्या दंडात फ्लूची आणि उजव्या दंडात मेनिंजायटिसची लस दिली गेली. दोन्ही लसी एकाच दिवशी घ्यायला हरकत नसते. फक्त कोणत्या हातात कोणती, हे कार्डावर लिहून घ्यावं. पुढे एकच हात दुखत राहिला तर ते कामी येतं. मेनिंजायटिसच्या लसीनंही दंड दुखतो, डोकं दुखतं, थकवा येतो. तेव्हा दादींच्या रात्रीच्या तापाचा सगळा दोष फ्लूच्या लसीवर टाकणं तसं अन्यायाचंच.

घरी आल्यावर त्यांनी जेवण केलं, जोहरची नमाज पढली, थोडं पडल्या. संध्याकाळी सातला दोन्ही दंड दुखू लागले. ओढणी डोक्यावर घेतानाच हात अवघडला. इथे पहिली गोष्ट करायची ती म्हणजे थंड ओला कपडा. स्वच्छ सुती रुमाल गार पाण्यात बुडवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटं त्या जागी ठेवायचा. बर्फ असेल तर तो कापडात गुंडाळूनच; थेट त्वचेवर नको, विशेषतः मधुमेहाच्या माणसाला, कारण त्यांना त्वचेला इजा झालेली लवकर जाणवत नाही. तासाभरानं पुन्हा ठेवला तरी चालतो. तेल चोळणं, बाम रगडणं, गरम विटेचा शेक, हे पहिल्या दिवशी करू नये. चोळल्यानं सूज पसरते आणि दुखणं वाढतं.

दुसरी गोष्ट लोकांना पटत नाही, पण ती उपयोगी आहे : हात हलवत राहायचा. दुखतो म्हणून हात छातीशी धरून बसलं की स्नायू आखडतो आणि सकाळी जास्त दुखतो. जड बादली उचलायला कुणी सांगत नाही. हात हळू पुढे, बाजूला, जेवढा जाईल तेवढा वर, असं दर तासाला चार-पाच वेळा केलं तरी पुरे. वुजू करताना पाणी दंडापर्यंत गेलं तरी काही बिघडत नाही. चिकटवलेली पट्टी तर घरी आल्यावर काढून टाकायलाही हरकत नाही. सजद्यात हातावर थोडा भार येतो, दुखतंही, पण त्यानं लसीला किंवा स्नायूला इजा होत नाही. फारच दुखत असेल तर झोपताना मात्र ज्या कुशीचा दंड जास्त दुखतोय ती कूस टाळावी.

रात्री नऊला दादी म्हणाल्या, "अंग मोडून आलंय." थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट. कपाळाला हात लावून ताप ठरवू नये. उन्हाळ्यात सगळ्यांचीच कपाळं गरम असतात, आणि पुढे डॉक्टरनं "किती होता?" विचारल्यावर "बराच होता" हे उत्तर कुणाच्याच कामाचं नसतं. आकडा आणि वेळ कागदावर लिहा.

१००-१०१ च्या आतला ताप आणि माणूस बोलतंय, पाणी पितंय, तर औषध दिलंच पाहिजे असं नाही. दादींना मात्र झोप लागेना, म्हणून पॅरासिटामॉलची ५०० मिलीग्रॅमची एक गोळी दिली. दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तासांचं अंतर हवं. धडधाकट प्रौढ माणसासाठीसुद्धा २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची हद्द आहे. दादींसारख्या वयस्कर, कमी वजनाच्या माणसानं तिच्या जवळपासही जाऊ नये. ५०० च्या तीन-चार गोळ्या दिवसभरात पुष्कळ झाल्या, आणि बहुतेकांना दोन दिवस मिळून तेवढ्याही लागत नाहीत. यकृताचा आजार असेल तर आधी डॉक्टरला विचारावं.

इथे घरात एक चूक हमखास होते. नातू मेडिकलमध्ये जाऊन "ताप-सर्दीची गोळी द्या" म्हणतो. सर्दीच्या त्या गोळ्यांत बहुधा पॅरासिटामॉल आधीच घातलेलं असतं. मग दादींना एक साधी आणि एक सर्दीची, असा नकळत दुप्पट डोस जातो. पाकिटावर बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते वाचा, नाहीतर औषध देणाऱ्यालाच वाचून दाखवायला सांगा. तसंच "अंगदुखीची जोरदार गोळी" म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असलेल्या गोळ्या मिळतात. जवान, निरोगी माणसाला एखादी चालून जाते. पण मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा पोटातल्या अल्सरचा त्रास असलेल्या वयस्कर माणसाला त्या स्वतःच्या मनानं देऊ नयेत. अँटिबायोटिकचा तर इथे काही संबंधच नाही. मारायला जंतूच नाहीत.

काहीजण लस घेण्याआधीच, म्हणजे ताप येईल या भीतीनं, पॅरासिटामॉल घेऊन जातात. त्याची गरज नसते. त्रास झाला तर घ्यावी, नाही झाला तर नको.

सोमवारी सकाळी दादींचा ताप ९९.६ होता, थकवा भरपूर होता आणि साखर तपासली तर नेहमीपेक्षा थोडी वर. ताप आला की साखर अशी थोडी वर जाऊ शकते. याचा अर्थ मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन बंद करायचं असा नव्हे. उलट खाणं कमी आणि औषध नेहमीचं, असं झालं तर साखर एकदम खाली येऊ शकते, म्हणून त्या दिवशी एक-दोनदा जास्त तपासावी आणि थोडं थोडं का होईना, खायला द्यावं. अशक्तपणा आलाय म्हणून घरची माणसं प्रेमानं गोड सरबताचा ग्लास पुढे करतात. मधुमेहाच्या माणसाला त्याऐवजी साधं पाणी, ताक, भाताची पेज द्या. हजच्या तयारीची शिबिरं कडक उन्हाळ्यात आली तर पाण्याकडे अधिकच लक्ष हवं. ताप, ऊन आणि कमी पाणी मिळून जो थकवा येतो तो लसीच्या थकव्याहून मोठा असतो. लघवी गडद पिवळी आणि कमी होत असेल तर पाणी कमी पडतंय.

सोमवारी संध्याकाळी ताप गेला. मंगळवारी दादींनी स्वतःचे केस विंचरले. बुधवारी दाबलं तरच दुखत होतं. दर दिवशी आदल्या दिवसापेक्षा बरं, हा नेहमीच्या त्रासाचा खरा मार्ग आहे. पुढे जे वेगळे प्रकार सांगायचे आहेत, त्यांत नेमकं हेच घडत नाही.

"लसीनंच फ्लू झाला"

दंडात टोचलेल्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यापासून फ्लू होऊच शकत नाही. तरी ही तक्रार खूप जुनी आहे आणि ती तपासूनही पाहिली गेली आहे. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या तीनशेहून अधिक माजी सैनिकांवर केलेला एक अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला दोन आठवड्यांच्या अंतरानं दोन इंजेक्शनं दिली : एक फ्लूची लस आणि एक नुसतं मिठाचं पाणी. कोणतं आधी, कोणतं नंतर, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग दोन्ही वेळा काय झालं ते विचारलं. लसीनंतर साधारण पाचातल्या एकाचा दंड दुखला, मिठाच्या पाण्यानंतर विसातल्या एकाचा. ताप, अंगदुखी, थकवा, सर्दी मात्र दोन्ही वेळा जवळपास सारखीच निघाली.

याचा अर्थ लसीनं कणकण येतच नाही असा नाही. काहींना येते, आणि ज्यांना पूर्वी कधी फ्लूची लस मिळालेली नाही त्यांना ती जास्त जाणवू शकते. पण लसीनंतरच्या आठवड्यात आपल्याला जे जे होतं, त्यातलं बरंच काही एरवीही झालंच असतं. शिबिरात दोनशे माणसं दोन तास एका हॉलमध्ये बसतात, त्यातले चार खोकत असतात. तिसऱ्या दिवशी नाक गळू लागलं तर ती शिबिरातल्या शेजाऱ्याची भेट असण्याची शक्यता जास्त. नाक गळणं, घसा बसणं, खोकला ही दंडातल्या लसीची लक्षणंच नव्हेत. शिवाय लसीचं संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्याआधी खरा फ्लूही गाठू शकतो. उड्डाणाच्या चार दिवस आधी घाईनं लस घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पहिली पंधरा-तीस मिनिटं

लस घेतल्यावर थांबायला सांगतात तेव्हा लोक चपला घालून निघालेले असतात. थांबवण्याचं कारण आहे. लसीची तीव्र अ‍ॅलर्जी फार दुर्मीळ, दहा लाख डोसमागे एक-दोन एवढीच. पण ती आली तर बहुधा काही मिनिटांत ते तासाभरात येते, आणि तेव्हा माणूस रिक्षात नव्हे, नर्सच्या समोर असलेला बरा.

तिची ओळख अशी : अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, ओठ किंवा चेहरा सुजतो, आवाज घोगरा होतो, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो, उलटी होते, माणूस गळून पडतो. सगळंच एकदम होईल असं नाही. पण त्वचेवरच्या गांधींबरोबर श्वासाचा त्रास किंवा गळून जाणं दिसलं की वाट बघायची नाही. यावरचं औषध अ‍ॅड्रिनॅलिन, मांडीत दिलं जाणारं इंजेक्शन, आणि ते शिबिराच्या टेबलावर असतं. घरी पोचल्यावर झालं तर १०८ ला फोन करा. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. श्वास लागत असेल तर बसू द्या, पण उठून चालू देऊ नका. खाजेची गोळी देऊन "बघू" म्हणणं इथे चुकीचं आहे.

याच वेळेत घडणारा दुसरा, खूपच जास्त आढळणारा प्रकार म्हणजे भीतीनं येणारी चक्कर. त्यात चेहरा पांढरा पडतो, थंड घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, पण गांधी नसतात, श्वास मोकळा असतो, आणि आडवं केलं की मिनिट-दोन मिनिटांत माणूस ठीक होतो. उपाशीपोटी, उन्हातून, रांगेत उभं राहून आलेल्यांना ही जास्त येते. म्हणून लस बसूनच घ्यावी.

खांदा : ज्याकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं

लस द्यायची जागा ठरलेली आहे. खांद्याच्या टोकाला जे हाड हाताला लागतं, त्याच्या दोन-तीन बोटं खाली, दंडाचा जो भरलेला भाग आहे त्याच्या मधोमध. सुई त्याहून वर गेली, तर लस स्नायूऐवजी खांद्याच्या सांध्याभोवतीच्या पिशवीत किंवा शिरांच्या आवरणात जाऊ शकते. मग तिथे सूज धरते आणि खांदा आखडतो.

याचं दुखणं नेहमीच्या दंडदुखीसारखंच सुरू होतं, दोन दिवसांच्या आत. फरक पुढे दिसतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते कमी व्हायला हवं तर होत नाही. दुखतं ते दंडाच्या मधल्या भागात नव्हे, वर खांद्यात, खोलवर. हात बाजूला उचलला की एका ठिकाणी येऊन अडतो. पाठीमागे नेता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. ताप मात्र नसतो. आठवडा उलटूनही असं असेल तर "लसीचं आहे, जाईल" म्हणू नका. हाडांच्या डॉक्टरला दाखवा आणि लस कोणत्या तारखेला, कोणत्या हातात, किती वर टोचली ते स्पष्ट सांगा. नाहीतर त्याला "फ्रोझन शोल्डर, वयानं झालंय" असं नाव पडतं. सूज उतरवणारी औषधं आणि फिजिओथेरपी लवकर सुरू झाली तर खांदा मोकळा व्हायला मदत होते. महिनोन्महिने अंगावर काढलं तर तवाफ आणि सईच्या गर्दीत सामान धरून चालणंही जड जातं.

हे टाळणं मोठ्या प्रमाणात आपल्या हातात आहे, आणि आपल्या बायकांच्या बाबतीत तर विशेष. बुरखा, खाली घट्ट बाह्यांचा कुर्ता, समोर पुरुषांची रांग. अशा वेळी बाही वर चढत नाही, म्हणून गळ्याकडून कुर्ता थोडा खाली ओढून खांद्याचा वरचा भाग उघडा केला जातो, आणि नर्सला जेवढं दिसतं तिथेच सुई जाते. नेमकी ती जागा चुकीची, वरची. संकोच आपला आणि घाई शिबिराची, पण भोगतो खांदा. म्हणून त्या दिवशी सैल बाहीचे कपडे घालावेत, बाही खालून थेट खांद्यापर्यंत चढेल असे. पडद्याची आणि महिला परिचारिकेची सोय मागावी; बहुतेक ठिकाणी ती करून देतात. अरुंद बाहीच्या पुरुषांनीही शर्टाची बाही अर्धवट दुमडून बसण्यापेक्षा हात बाहेर काढावा. लस देणारी व्यक्तीही शक्यतो बसलेली असावी. ती उभी आणि आपण बसलेलो असलो की सुई साहजिकच वर जाते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी टोचण्याआधी सांगावं. त्यांची लस टळत नाही. फक्त बारीक सुई वापरतात आणि नंतर दोन-तीन मिनिटं जागा न चोळता घट्ट दाबून धरायची असते. एवढं केलं नाही तर मोठा काळानिळा डाग उठतो आणि घर घाबरतं.

उशिरा येणारा ताप आणि पायातली अशक्ती

ताप १०२ च्या वर गेला, दोन दिवसांनंतरही टिकला, किंवा चौथ्या दिवशी नव्यानं आला, तर त्याचं कारण लसीबाहेर शोधायचं. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, लघवीतला संसर्ग यांतलं काहीही असू शकतं, आणि "लस घेतलीय ना" या एका वाक्यानं रक्ततपासणी चार दिवस लांबते. टोचल्याची जागा तिसऱ्या दिवसानंतर जास्त लाल, गरम, ठणकणारी होत चालली, लाली हातभर पसरली किंवा पू दिसला, तर तो जंतुसंसर्ग. तोही त्याच दिवशी दाखवायचा.

शेवटचा प्रकार गुलियन-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात याचे रुग्ण वाढले तेव्हा हे नाव घराघरांत पोचलं. पुण्यातली साथ लसीमुळे नव्हती. ती दूषित पाण्यातून होणाऱ्या पोटाच्या संसर्गाशी जोडली गेली. पण या आजाराचं नाव फ्लूच्या लसीबरोबरही घेतलं जातं, ते १९७६ मुळे. त्या वर्षी अमेरिकेत स्वाइन फ्लूची एक खास लस कोट्यवधी लोकांना दिली गेली, आणि दर एक लाख लोकांमागे सुमारे एकाला जीबीएस जास्त झाल्याचं दिसल्यावर ती मोहीम थांबवली. आताच्या मोसमी लसींत हा धोका असलाच तर दहा लाखांत एक-दोन एवढा मोजला गेला आहे, आणि खुद्द फ्लू झाल्यानं जीबीएस होण्याची शक्यता त्याहून जास्त आहे.

याची खूण थकव्याहून अगदी निराळी. लसीनंतरच्या काही दिवसांत ते सहा आठवड्यांत दोन्ही पायांत मुंग्या येतात, मग अशक्ती येते आणि ती वर चढत जाते. जिना चढवत नाही, बसलेलं उठवत नाही, पुढे गिळताना किंवा श्वास घेताना त्रास. थकलेला माणूस "उठावंसं वाटत नाही" म्हणतो. हा माणूस उठायला जातो आणि पाय साथ देत नाहीत. असं दिसलं तर मोठ्या रुग्णालयात, त्याच दिवशी. ज्यांना पूर्वी लसीनंतरच्या सहा आठवड्यांत जीबीएस झालेला आहे, त्यांनी शिबिरात रांगेत उभं राहण्याआधी हे डॉक्टरला सांगावं.

रोजा असेल तर

रमजानमधल्या उमराहसाठी बरेचजण रोज्यातच लस घेतात. स्नायूत दिलेली लस म्हणजे आहार नव्हे, म्हणून तिनं रोजा तुटत नाही असं अनेक उलेमांचं मत आहे. शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं. वैद्यकीय बाजूनं एवढंच सांगता येईल की शक्य असेल तर लस इफ्तारनंतर घ्यावी. मग त्रास रात्री सुरू होतो, पाणी पिता येतं आणि लागली तर गोळी घेता येते. सकाळी घेतली तर दुपारच्या उन्हात कणकण आणि तहान एकदम येतात. थंड कपडा, सावली, विश्रांती यांना रोज्यात आडकाठी नाही. ताप चढलाच आणि माणूस गळून जात असेल, त्यातही मधुमेहाचा असेल, तर आजाऱ्यासाठी जी सवलत आहे ती याच वेळेसाठी आहे.

नेहमीपेक्षा वेगळं काही झालं तर ते जिथे लस घेतली त्या केंद्राला किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला कळवता येतं. औषधं आणि लसींच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांकही आहे : १८००-१८०-३०२४. फोन करताना लसीचं कार्ड हाताशी ठेवा. त्यावर लसीचं नाव, बॅच क्रमांक आणि तारीख असते. कार्डाचा एक फोटो मोबाइलमध्ये आणि एक बरोबर येणाऱ्या माणसाकडे ठेवा, कारण खांद्याचं दुखणं असो की पायातली अशक्ती, ते मक्केत पोचल्यावरही सुरू होऊ शकतं, आणि तिथला डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारेल की लस कधी आणि कोणती घेतली होती.